'जेवण कसं आहे?' या प्रश्नाला गुण नाहीत

"मावशी, जेवण कसं आहे?" "बरं आहे." सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा सवालजवाब दिवसभर चालू असतो आणि त्यातून डॉक्टरच्या हाती काहीच लागत नाही. एरवी त्याने फारसं बिघडत नाही. पण समोरच्या माणसाचं वजन काही कारण नसताना उतरत असेल, तर 'बरं आहे' या दोन शब्दांच्या आड क्षयरोग, मधुमेह, थायरॉईडचा विकार, नैराश्य, कर्करोग किंवा नुसती घरातली ओढाताण यांपैकी काहीही दडलेलं असू शकतं. ठरवून बारीक होण्याचा प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं, तर ते डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यायचं असतं. म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो.

अशा रुग्णाला खाण्यापिण्याबद्दल नीट विचारता येतं की नाही, हे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तपासायचं कसं? लेखी परीक्षेत तो वजन घटण्याची वीस कारणं धडाधड लिहून देईल. विचारणं मात्र लेखी तपासता येत नाही. त्यासाठी जिवंत माणूस समोर लागतो आणि तो प्रत्येक विद्यार्थ्यासमोर सारखाच लागतो.

जुन्या पद्धतीच्या प्रात्यक्षिकात हीच मोठी अडचण होती. वॉर्डातला खरा रुग्ण विद्यार्थ्याच्या वाट्याला यायचा. एकाला भरभरून बोलणारे काका मिळत, दुसऱ्याला कण्हत पडलेला, एक शब्द न बोलणारा रुग्ण. परीक्षकही वेगवेगळे आणि त्यांचे प्रश्नही. त्यावर तोडगा म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये एक नवी पद्धत मांडली. परीक्षेची छोटी छोटी स्टेशनं करायची, प्रत्येकावर एकच ठरलेलं काम द्यायचं, घंटा वाजली की विद्यार्थ्याने पुढच्या स्टेशनवर जायचं आणि गुण आधीच छापलेल्या तक्त्यावर द्यायचे. ही पद्धत ऑस्की या नावाने जगभर गेली आणि आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही ती आता रुळली आहे. रुग्णाची भूमिका शिकवून तयार केलेला माणूस ही कल्पना त्याच्याही आधीची. अमेरिकेत लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने ती 1963 मध्ये पहिल्यांदा वापरली.

वजन घटलेल्या रुग्णाचं असं एक स्टेशन कसं उभं राहतं, ते एका काल्पनिक रुग्णाच्या आधाराने पाहू. तिचं नाव मालनबाई, वय 60. शेतमजुरी करणारं घर, जेवणात ज्वारीची भाकरी. पाच महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या सुमारास बीपी तपासायला गेल्या तेव्हा आरोग्य केंद्रातल्या काट्यावर वजन 52 किलो भरलं होतं. आज 45 आहे. उंची 152 सेंटिमीटर. परीक्षा मार्चमध्ये असेल तर दिवाळी चालते. ती ऑगस्टमध्ये असेल तर संहितेत पाडवा लिहावा लागतो, नाहीतर महिन्यांचं गणित चुकतं आणि हुशार विद्यार्थी तिथेच अडखळतो.

हे आकडे मुद्दाम असे निवडलेले आहेत. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय काढला तर तो 19.5 येतो, म्हणजे चक्क 'नॉर्मल' रकान्यात बसतो. तेवढंच पाहणारा विद्यार्थी निर्धास्त होतो. पण 52 मधले 7 किलो म्हणजे साडेतेरा टक्के वजन पाच महिन्यांत गेलेलं आहे. ब्रिटनमध्ये 2003 साली आलेल्या आणि आता अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या 'मस्ट' या चाळणीत तीन ते सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन गेलं की त्याचेच दोन गुण होतात, आणि एकूण दोन गुणांपासून पुढे कुपोषणाचा धोका मोठा समजतात. मालनबाईंचा बीएमआय साडेअठरा ते वीसच्या मध्ये, म्हणून त्याचा आणखी एक. असे तीन गुण. आज वजन किती, यापेक्षा ते कुठून कुठे आलं, हे विचारणाऱ्यालाच धोका दिसेल, अशी ही रचना आहे.

आता मुख्य प्रश्न. वजन गेलं कशाने? इथे स्टेशन रचणाऱ्याने एकच कारण पक्कं करायचं आणि ते खाण्याच्या वाटेनेच सापडेल अशी तजवीज करायची. मालनबाईंना अन्ननलिकेत अडथळा आहे. तीस वर्षांपासून त्या मिश्री लावतात आणि तंबाखूचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी संबंध आहे. पण 'मला गिळायला त्रास होतो' असं त्या आपणहून म्हणणार नाहीत. खेड्यातली साठीची बाई तसं म्हणतही नाही. ती घास बदलते. दिवाळीनंतर कोरडी भाकरी अडायला लागली, म्हणून ती दुधात कुस्करून खायला सुरुवात केली. संक्रांतीच्या सुमारास मोकळा भातही नको झाला. आता मऊ भात, पेज आणि चहात बुडवलेली बिस्किटं, एवढ्यावर आलंय. आधी घट्ट पदार्थ अडणं आणि मग हळूहळू पातळाकडे सरकणं, ही वाट लागत आलेल्या अडथळ्याची खूण आहे. नळीची हालचालच बिघडली असेल तर बहुधा पाणी आणि भाकरी दोन्ही सुरुवातीपासूनच त्रास देतात.

घरात कोणाच्या हे लक्षात कसं आलं नाही, याचंही उत्तर संहितेत लागतं, कारण विद्यार्थी ते विचारेल. मालनबाई सगळ्यांची पानं झाल्यावर मागाहून जेवतात. सून शेतावर असते. सासूबाई किती जेवल्या, हे कोणी पाहत नाही.

यानंतर संहिता लिहिणाऱ्याने वही घेऊन एक हिशेब करायचा असतो आणि नेमका तोच बहुतेक जण टाळतात. पूर्वीचं खाणं आणि आत्ताचं खाणं यांतला फरक त्या सात किलोंना पुरतो का? साठ ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर तिच्यात ढोबळमानाने 200 कॅलरी असतात. मालनबाई पूर्वी दिवसाला चार भाकऱ्या खात. सकाळी चहाबरोबर एक, दुपारी कोरड्यासाशी दोन, रात्री आमटीत एक. आता भाकरी दिवसभरात जेमतेम अर्धी. साडेतीन भाकऱ्यांचे 700 गेले. त्यांच्या जागी थोडं दूध, चार बिस्किटं आणि वाटीभर मऊ भात आला, त्याचे सुमारे 300 परत मिळाले. कोरड्यास आणि त्यातलं तेलही कमी झालं. म्हणजे आजची तूट रोजची साडेचारशे-पाचशेच्या घरात. दुसऱ्या बाजूने पाहा. शरीरातलं एक किलो वजन जायला साधारण 7,700 कॅलरींची तूट लागते, असा एक ढोबळ हिशेब आहे. सात किलोंना सुमारे 54,000, आणि 150 दिवसांत वाटले तर रोजचे 360. सुरुवातीला तूट कमी आणि पुढे वाढत गेली असं धरलं, तर दोन्ही बाजू जुळतात.

हा मेळ का हवा? समजा, संहितेत लिहिलं की मालनबाई अजून तीन भाकऱ्या खातात आणि तरी सात किलो गेले. मग विचार करणारा विद्यार्थी वेगळ्याच दिशेला जाईल, आणि बरोबरच जाईल. नीट खाऊनही वजन उतरतं तेव्हा मधुमेह, थायरॉईड किंवा आतड्यातून अन्न अंगी न लागणं, यांचा संशय घ्यायचा असतो. तिथे चूक विद्यार्थ्याची नसते, संहितेची असते.

दारावरच्या कागदाचे शब्दही तोलूनमापून घालावे लागतात. 'हिस्टरी घ्या' एवढंच लिहिलं तर विद्यार्थी ताप, खोकला, जुनी ऑपरेशनं, घरच्यांचे आजार या नेहमीच्या गाडीवाटेने जातो आणि जेवणापर्यंत पोचण्याआधी घंटा होते. 'गिळण्याच्या त्रासाबद्दल विचारा' लिहिलं तर सगळंच फुटलं. म्हणून कागद असा असतो: 'मालनबाई, वय 60, वजन कमी झाल्याची तक्रार. आजचं वजन 45 किलो, उंची 152 सेंमी. आहारावर भर देऊन हिस्टरी घ्या. तपासणी करू नका. सहा मिनिटं झाल्यावर परीक्षक थांबवतील, तेव्हा तुमचं मत आणि पुढची पायरी एका मिनिटात सांगा.' वाचायला एक मिनिट, कामाला सात. आजचं वजन आणि उंची कागदावर दिलेली असते, कारण ते मोजणं इथे तपासायचं नाही. आधीचं वजन मात्र दिलेलं नसतं. ते विचारून काढायचं.

भूमिका करणारी बाई खरी रुग्ण नसावी. खरंच वजन घटलेल्या, अशक्त माणसाला दिवसभरात पन्नास-साठ वेळा तीच हकीकत सांगायला लावणं बरं नव्हे. पण धडधाकट बाई रोगट दिसणार कशी, हा प्रश्न राहतोच. त्याला साधा इलाज आहे. एक मापाने मोठं, बाजूला टाके घालून आवळलेलं ब्लाऊज आणि मनगटावरून कोपराकडे सरकणाऱ्या बांगड्या. पहिलं वाक्य शब्दशः पाठ करून घेतात: "अंगावरचं मांसच गेलं बघा डॉक्टर, ब्लाऊजला किती टाके घालू?" पुढचं सगळं तीन कप्प्यांत वाटलेलं असतं. मोकळा प्रश्न आला की काय सांगायचं, नेमकं विचारलं तरच काय सांगायचं, आणि विचारलं तरी 'नाही' कशाला म्हणायचं. ताप नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, तहान आणि लघवी नेहमीसारखी, भूक लागते.

दुसऱ्या कप्प्यातच दोन चकवे ठेवलेले असतात. कारण विचारलं की मालनबाई आधी दातांवर ढकलतात आणि घरचे म्हणतात की एकादशी धरते म्हणून बारीक झाली. चकवा ठेवण्याचा एक नियम आहे. तो एखाद्या साध्या प्रश्नाने फुटला पाहिजे, नाहीतर ती फसवणूक होते. दात सहा वर्षांपूर्वीच गेलेत. एकादशी तीस वर्षं चालू आहे. वजन मात्र पाच महिन्यांत गेलं. 'कधीपासून?' एवढं विचारलं की दोन्ही चकवे गळून पडतात.

दोन विद्यार्थी आत गेले तर काय होतं पाहा. पहिला भराभर विचारतो. "भूक लागते?" "लागते की." "जेवण कसं आहे?" "बरं आहे." "शाकाहारी की मांसाहारी?" "माळ हाय गळ्यात." "शुगर, टीबी, थायरॉईड?" "नाही बा." "दारू, तंबाखू?" "मिश्री लावते." पाच मिनिटांत त्याने पंचवीस प्रश्न विचारले. उरलेल्या वेळात तो मालनबाईंना पालेभाज्या, कडधान्यं आणि दूध घ्यायला सांगतो.

दुसरी म्हणते, "मावशी, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, ते एकेक करून सांगा." मालनबाई सांगतात: चहा आणि चार बिस्किटं, दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी, रात्री मऊ भात. "भाकरी किती? अख्खी?" "अर्धी. तीबी जात न्हाई." "दिवाळीआधी किती खायचात?" "दिसाला चार तरी व्हायच्या." "मग कुस्करून का खायला लागलात?" "दात न्हाईत न्हवं." "दात कधी काढले?" "झाली की सा वर्सं." "मग तेव्हा भाकरी कशी खायचात?" इथे मालनबाई थांबतात. संहितेत तसं लिहिलेलं असतं. मग छातीच्या मधोमध हात ठेवून म्हणतात, "तवा हिरड्यांनी चावून खात हुते. आता घास हितं येऊन बसतोय. पाण्याचा घोट घेतला की मग उतरतो."

हिने विचारलेले प्रश्न पहिल्याच्या निम्म्याहून कमी. पण काल काय खाल्लं, किती मापाने, आधी काय खात होता आणि बदल का झाला, या चार पायऱ्या ती ओळीने चढली. आहाराची हिस्टरी म्हणजे एवढंच. मापं भाकरी, वाटी, चमचा, पेला यांतच विचारायची, कारण ग्रॅम कोणी सांगू शकत नाही. कालचा दिवस नेहमीसारखा होता का, हेही विचारायचं, कारण काल एकादशी असेल तर सगळा हिशेब फसतो.

गुणांचा तक्ता कच्चा असेल तर या दोघांत पहिल्याला जास्त गुण पडतात. 'भूक विचारली: एक गुण. आहार विचारला: एक गुण. व्यसन विचारलं: एक गुण' असा तीस ओळींचा तक्ता असला की जो प्रश्नांचा पाऊस पाडतो तो जिंकतो. हा धोका नुसता कल्पनेतला नाही. टोरंटोचे मनोविकारतज्ज्ञ ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं की अशा टिकमार्कच्या याद्यांवर अनुभवी डॉक्टरांना शिकाऊंपेक्षा कमी गुण पडतात. जाणकार माणूस फालतू प्रश्न गाळतो आणि यादी त्याबद्दल त्याला दंड करते.

म्हणून वीस गुणांचा तक्ता मोजक्या ओळींचा आणि वजनदार असावा. वजन किती, किती काळात आणि कशावरून, याला 3. कालचं खाणं क्रमाने आणि मापासकट काढलं, याला 4. आधीच्या खाण्याशी तुलना, 3. बदलाचं कारण खोदून अडकणाऱ्या घासापर्यंत पोचणं, 4. कोण रांधतं, कोणाबरोबर जेवता, घरात पुरतं का, याला 2. मिश्रीला 1. ताप, खोकला, शुगर, जुलाब, मनाची उदासी या बाकीच्या सगळ्यांना मिळून 2. शेवटच्या मताला 1. 'जेवण कसं आहे?' या प्रश्नाला स्वतंत्र गुण नाही. शेवटच्या मतात अपेक्षा अशी असते: पाच महिन्यांत सात किलो, भूक शाबूत, घास आधी भाकरीला आणि मग भाताला अडतोय, कुपोषणाचा धोका मोठा, एंडोस्कोपी लवकरात लवकर करायला हवी. 'कोरड्यास' किंवा 'माडगं' हा शब्द कानावरून गेला नाही म्हणून परप्रांतातल्या विद्यार्थ्याने 'म्हणजे काय, मावशी?' असं विचारलं तर त्याचे गुण कापायचे नाहीत. न विचारता मान डोलावणं हेच जास्त धोक्याचं.

खरी परीक्षा होण्याआधी दोन-तीन इंटर्नना आत पाठवून स्टेशन चालवून पाहतात. तेव्हाच बिघाड दिसतो. एकालाही शेवटपर्यंत पोचता आलं नाही, तर काम वेळेच्या मानाने जास्त आहे. सगळेच गिळण्याच्या त्रासापाशी दोन मिनिटांत पोचले, तर मालनबाई फार लवकर बोलतायत. परीक्षेच्या दिवशी सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. तिसाव्या विद्यार्थ्यापर्यंत भूमिका करणारी बाई कंटाळलेली असते, समोरच्याची कीव येते आणि ती आपणहून छातीवर हात ठेवते. दुपारनंतरच्या मुलांना हे गुण फुकट मिळतात. म्हणून दोन बायका आळीपाळीने बसवायच्या आणि सकाळच्या व दुपारच्या गटांचे त्या एका ओळीतले गुण संध्याकाळी शेजारी शेजारी मांडून पाहायचे. दुपारी ते एकदम चढले असतील तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पास किती गुणांना करायचं, हेही आधी डोळे मिटून 'दहा' असं ठरवत नाहीत. प्रत्येक परीक्षक तक्ता भरतोच, शिवाय एकूण कामगिरीबद्दल एक वेगळा शेरा देतो: नापास, काठावर, पास, चांगला. मग सगळ्यांचे गुण आणि शेरे एका आलेखावर मांडून मधून सरळ रेषा काढतात. ती रेषा 'काठावर' या शेऱ्याशी जितके गुण दाखवते, ती त्या स्टेशनची पासाची रेघ. स्टेशन अवघड निघालं तर रेघ आपोआप खाली येते.

तरी एक प्रश्न उरतो आणि त्यावर परीक्षकांच्या बैठकीत हमखास वाद होतो. एखाद्याने बाकी सगळं उत्तम केलं, सोळा गुण मिळवले, पण अडकणारा घास त्याला सापडलाच नाही. त्याला पास करायचं? खऱ्या ओपीडीत हीच मालनबाई टॉनिकची बाटली घेऊन घरी गेली असती आणि दोन महिन्यांनी पाणीही उतरेना तेव्हा परत आली असती. म्हणून काही जण म्हणतात, ती एक ओळ चुकली की नापास. पण सात मिनिटांतल्या एका प्रश्नावर एखाद्याचं पूर्ण स्टेशन उडवायचं तर भूमिका करणारी बाई प्रत्येक वेळी अगदी काट्यावर वागली, याची खात्री हवी, आणि ती कधीच पूर्ण देता येत नाही. एका केसमध्ये चमकलेला विद्यार्थी दुसऱ्यात सपशेल आपटतो, हेही ऑस्की घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणूनच दहा-बारा स्टेशनांची बेरीज पाहायची असते. मधला मार्ग असा, की त्या ओळीचे चार गुण जातील तेवढे जाऊ द्यायचे, विद्यार्थ्याला पास करायचं, पण त्याच्या नावापुढे परीक्षकाने वेगळी नोंद करायची. निकालानंतर त्या नोंदी मोजायच्या. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या नावापुढे ती असेल तर चूक मुलांची नाही. वॉर्डात शिकवताना रुग्णाने काल काय खाल्लं, हे शिक्षकानेच कधी विचारून दाखवलेलं नसतं.